कुठल्या पोत्यातला डिंक

मी डिंकाला तीन कसोट्या लावल्या होत्या आणि तिन्हींची उत्तरं बरोबर होती. म्हणूनच ही गोष्ट सांगताना मला आजही थोडं अवघड वाटतं. एखादं उत्तर चुकीचं आलं असतं तर निदान चूक कुठे झाली हे लगेच सापडलं असतं.

तेव्हा मी सुरतेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, विज्ञान शाखेला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडून कामासाठी सुरतेला आले होते आणि बमरोलीजवळ साड्या छापायच्या एका कारखान्यात लांबलचक टेबलांवर छपाईचं काम करायचे. आम्ही त्याच भागात दोन खोल्यांत राहायचो. कॉलेजात मी कुणाला काही विचारायला घाबरायचो, आणि घरी मात्र सगळे मलाच विचारायचे. रॉकेलच्या परवान्याचा अर्ज असो, औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापलेलं असो, की आभाळात गेलेल्या विमानाचा आवाज उशिरा का येतो हा प्रश्न असो. "नाही माहीत" म्हणायची मला लाज वाटायची. म्हणून आधी गप्प राहायचं, मग कॉलेजातून वाचून यायचं आणि दोन दिवसांनी उत्तर द्यायचं, असा माझा रिवाज पडला होता.

त्या थंडीत ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाली. बाळ नऊ दिवसांचं असताना आबा एका संध्याकाळी कागदाच्या पुड्यात किलोभर डिंक घेऊन आले. कारखान्यात नवी पोती उतरली होती. शेठने स्वतः सांगितलं, तुझ्या घरी बाळंतीण आहे ना, मग ने किलोभर. आबांनी हे इतक्या अभिमानानं सांगितलं की पुडा त्यांच्या हातातून घेताना मायनंही दोन्ही हात पुढे केले.

आमच्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू लागतातच. खारीक, खोबरं, गूळ, तूप आणि तुपात फुलवलेला डिंक. थंडीत बाकीचेही खातात, पण बाळंतिणीला आधी. पुड्यातले खडे मधाच्या रंगाचे होते, काही फिकट, काही काळसर. एक-दोन खड्यांना सालीचा तुकडा चिकटलेला होता.

आता छपाईच्या कारखान्यात डिंक कशाला, असं कुणी विचारेल. आमच्यासाठी त्यात नवल काही नव्हतं. रंग नुसता पातळ असला तर कापडावर पसरतो, फुलाची पाकळी शेजारच्या पानात घुसते. म्हणून रंगात भिजवलेला डिंक घालून तो खिरीसारखा दाट करतात. छापून झालं, वाफ दिली, की साडी धुतात आणि डिंक पाण्याबरोबर निघून जातो. रंग तेवढा राहतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

ताईनं मात्र नाक मुरडलं. दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिला सांगितलं होतं की डिंक म्हणजे पाकिटं चिकटवायची खळ, ती आतड्यात जाऊन चिकटते.

"माले भ्याव वाटस," ती म्हणाली. "मी जे खाईन ते हिच्या पोटात जाणार."

"मग काय, मी डिंक न खाताच तुला वाढवलं का?" माय म्हणाली. "मी खाल्ला, माझ्या मायनं खाल्ला. चिकटलं का कुणाचं आतडं?"

"तेव्हा तो गावाकडचा होता, माय. हा गिरणीतला आहे."

"झाडाले काय माहीत, तो गावले जाई का गिरणीमां?"

ताई हसली, पण डिंकाला हात लावेना. मग मायनं पुडा माझ्यापुढे सरकवला. "हाऊ डिक खावाले चालस का, तू सांग रे भो. तुन्ह्या पुस्तकमां काय लिखेल शे?"

शेजारच्या गुजराती मासी दारातच उभ्या होत्या. त्या घरी दर थंडीत गुंदरपाक करायच्या. डिंकाला त्या गुंदर म्हणायच्या. "हां, बोलो कॉलेजवाळा," त्या म्हणाल्या, "अमारे तो भण्या वगर ज पचे छे." आमच्या पोटात तर न शिकताच पचतं, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण मला ते लागलं. मी म्हणालो, दोन दिवस थांबा.

कॉलेजच्या ग्रंथालयात मला एका जाड पुस्तकात दोन पानं सापडली. बाभूळ, धावडा अशा झाडांच्या सालीला इजा झाली की तिथून चिकट रस पाझरतो आणि वाळून खडा होतो, तो डिंक. साखरेच्याच कणांची, पण फार लांब, गुंतलेली साखळी. आपल्या पोटातला रस ती साखळी तोडू शकत नाही. पुढे मोठ्या आतड्यातले जंतू ती सावकाश तोडतात. म्हणून थोडा खाल्ला तर चालतो, एकदम फार खाल्ला तर पोट फुगतं, आणि खाऊन पाणी प्यावं. आतड्याला चिकटायचा प्रश्न नव्हता. मात्र झाडातून येणारा प्रत्येक चीक डिंक नसतो, असंही तिथे होतं. राळ वेगळी. ती दिसते तशीच, पण पाण्यात विरघळत नाही आणि खायची नसते.

हे वाचून मला केवढा आनंद झाला. दोन गोष्टींतला फरक ओळखता येतो आणि तो ओळखायची रीत मला येते, यापेक्षा मोठं काही शिक्षणात असेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं. तीन खडे कागदात बांधून मी प्रयोगशाळेत नेले. तिथले सहायक चांगले होते. त्यांनी मला कोपऱ्यातलं टेबल दिलं.

एक खडा मी पाण्यात टाकला. तासाभरात तो मऊ होऊन बराचसा विरघळला, पाणी घट्ट झालं. दुसरा स्पिरिटमध्ये टाकला, तो जसाच्या तसा राहिला. राळ असती तर स्पिरिटमध्ये विरघळली असती. तिसरा चिमट्यात धरून ज्योतीवर नेला. तो वितळला नाही, धूर काढत पेटला नाही, फुगून काळा झाला आणि जळक्या साखरेचा वास आला. तिन्ही परीक्षांत डिंक पास.

एक गोष्ट मी तेव्हा वहीत लिहिली नाही. पाण्यातला खडा विरघळत असताना त्याच्या खालून एक धाग्यासारखी गुलाबी रेघ वर आली आणि मिसळून गेली. मी ती पाहिली. मला वाटलं, सालीचा रंग असेल, किंवा माझ्या आधी कुणीतरी परीक्षानळी नीट धुतली नसेल. सालीचा रंग तपकिरी असतो, गुलाबी नसतो, हे मला माहीत होतं. पण तिन्ही उत्तरं इतकी छान जुळली होती की चौथी गोष्ट मला नको होती.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. झाड, साल, साखळी, राळ. ताईनं शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे खाऊ ना?"

"खा," मी म्हणालो. "हा खरा डिंक आहे."

रविवारी सकाळी मायनं लाडू केले. मी शेजारी बसून बघत होतो आणि मध्येमध्ये ज्ञान पाजळत होतो. खड्याच्या आत थोडं पाणी असतं, तुपात त्याची वाफ होते आणि खडा लाहीसारखा फुलतो, असं मी म्हणालो. माय म्हणाली, "वाफ हो की काही हो, तूप फार तापलं तर तो बाहेरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो. मग दाताला चिकटतो." तिनं फुललेला एक खडा दोन बोटांत दाबून बघितला. तो भुगा झाला. "हाऊ व्हयना," झाला हा, असं ती म्हणाली आणि पुढची चिमूट तुपात सोडली. तिची कसोटी माझ्या तिन्हींपेक्षा लवकर झाली.

आबांना त्या दिवशी सुट्टी नव्हती. दुपारी मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेलो. एरवी डबा फाटकावर देऊन मी परत फिरायचो. त्या दिवशी फाटकावर कुणी नव्हतं, म्हणून मागच्या बाजूनं आत गेलो आणि रंगाच्या खोलीपाशी पोचलो.

खोलीत एक म्हातारे सुरती गृहस्थ रंग कालवायचे. सगळे त्यांना रंगकाका म्हणत. त्यांच्यापुढे डिंकाचं पोतं उघडं होतं, अगदी आमच्या पुड्यातल्यासारखाच डिंक. भिंतीला रंगाच्या पुडीचे डबे रांगेत, झाकणं अर्धी उघडी. काकांनी पत्र्याच्या पळीनं एका डब्यातून गुलाबी पूड काढली, वजनकाट्यावर घातली, बादलीत ओतली. मग तीच पळी झटकली आणि पोत्यात घालून डिंक काढला. जमिनीवर गोणपाट टाकून एक जण लाकडी हातोड्यानं खडे फोडत होता, आणि त्या गोणपाटावर किती रंगांचे डाग होते ते मोजता आलं नसतं.

मी तिथेच उभा राहिलो.

"अरे कॉलेजवाळा, शुं जुए छे?" काय बघतोस, असं काकांनी विचारलं. "तुझ्या बापाच्या टेबलावर जा, तो भुकेला आहे."

मी चाचरत विचारलं, "काका, हा डिंक... हा खाल्ला तर?"

ते हसले. "कोण खातं? भुकेनं मेलास का?"

"आबांनी घरी नेला होता. लाडवासाठी. शेठनं दिलेला."

त्यांचं हसू थांबलं. पळी त्यांनी डब्याच्या काठावर ठेवली. "जो भाई," ते म्हणाले, "गुंदर तो झाडनो ज छे. किराण्याच्या दुकानात मिळतो तोच. झाड एकच, जंगल एकच. पण आ कोथळो खावानो नथी." या पोत्यातला खायचा नाही, हे त्यांनी बोटानं पोत्यावर टकटक करून सांगितलं. "खाण्याचा वेगळा निवडतात, वेगळा ठेवतात. आमच्याकडे उतरतो तो डब्यांशेजारी पडतो, त्यात माझी पळी जाते, पोत्यात किडे होऊ नयेत म्हणून शेठचा माणूस कसली पूड टाकतो ती मलाही माहीत नाही. साडीला काय फरक पडतो? धुतली की गेलं. पोट धुता येतं का?"

आबा तेवढ्यात मागून आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला.

"मी वरवरचा नाही घेतला," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "हात खाली घालून, आतला घेतला होता. चांगला बघून."

"हात?" काका म्हणाले. आबांनी आपले हात बघितले. नखांच्या कडांना निळा-जांभळा रंग होता. तो कायमच असायचा, साबणानं जायचा नाही.

"पंधरा वर्षं याच हातांनी जेवतो आहे," आबा म्हणाले. "मला काय झालं?"

आज वाटतं, त्या खोलीत विचारायचा खरा प्रश्न तोच होता आणि तो आबांनी स्वतःच विचारला होता. मला मात्र तेव्हा फक्त ताई दिसत होती. लाडू उद्या सकाळी, आंघोळीनंतर दुधाबरोबर द्यायचे ठरले होते. मी घराकडे पळत सुटलो.

ताईच्या हातात अर्धा लाडू होता. अर्धा खाल्लेला होता. मायला धीर निघाला नव्हता, चव बघ म्हणून तिनं एक दिला होता. बाळ ताईच्या मांडीवर झोपलं होतं.

"खाऊ नको," मी म्हणालो. "मी चुकीचं सांगितलं."

मायनं कढई घासता घासता मान वर केली. "तूच सांगेल व्हतं ना, खरा शे म्हनीसन?"

"डिंक खराच आहे. पण ज्या पोत्यातला आहे, त्या पोत्यात रंगाची पूड पडते. औषध टाकतात. मी डिंक आहे का एवढंच बघितलं. तो स्वच्छ आहे का, हे मी बघितलंच नाही." आणि मग, सांगायचं नव्हतं ते सांगितलं, "पाण्यात गुलाबी रेघ आली होती. मी बघितली होती."

ताईनं लाडू ताटलीत ठेवला. ती ओरडली नाही. तिनं बाळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आता हिला पाजू का नको?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी घरात मोठ्यानं म्हणालो, "मला माहीत नाही." मायनं पदर खोचला. आम्ही चौघं, बाळ धरून, जवळच्या दवाखान्यात गेलो. रविवार असल्यानं तिथे एक नर्सबाईच होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ताईला पोटात दुखतं का, मळमळतं का विचारलं, बाळाला उघडं करून नीट बघितलं. "अर्ध्या लाडवात रंग असलाच तर चिमूटभरही नसेल," त्या म्हणाल्या. "पाजणं बंद करू नका. ताईला उलटी, जुलाब झाले किंवा बाळ सुस्त वाटलं तर लगेच या. उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवा. आणि बाकीचे लाडू कुणाला देऊ नका, गाईलाही नको." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डिंक वाईट नाही हं. बाजारातला खाण्याचा घ्या, थोडा थोडा द्या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ताईला काही झालं नाही, बाळालाही नाही. पण ते कळेपर्यंतचा वेळ मी घराच्या पायरीवर काढला, दर थोड्या वेळानं आत डोकावत. ताई दर वेळी मान हलवून सांगायची, झोपली आहे.

मासी येऊन विचारून गेल्या. त्यांनी या वेळी चेष्टा केली नाही. "तें कह्युं ने," निदान तू सांगितलंस ना, एवढंच म्हणाल्या, आणि मला ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

रविवारी संध्याकाळी आबा कामावरून आले तेव्हा मायनं लाडवांचं ताट झाकून ठेवलं होतं. तिला ते टाकवत नव्हतं. त्यात तिचं तूप होतं, आणि आबांनी आणलेला डिंक होता. आबांनी उरलेल्या पुड्यातला एक मोठा खडा काढला, चहाच्या पांढऱ्या कपात टाकला, वरून पाणी ओतलं आणि कप खिडकीत ठेवला. जेवणं झाली. आबांनी कप दिव्याखाली आणला. पाणी घट्ट झालं होतं आणि तळाशी, साखर उरावी तसा, गुलाबी डाग बसला होता.

"हं," आबा म्हणाले. कप त्यांनी मला दिला नाही, मायलाही नाही. स्वतः मोरीत ओतला, घासला, पुन्हा घासला. मग ताट उचलून बाहेर गेले आणि रिकामं घेऊन आले. पुडाही त्यांनीच टाकला. शेठला काय सांगितलं, ते मला कधी कळलं नाही.

मंगळवारी कामावर जाण्याआधी ते मला घेऊन किराण्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं दोन बरण्या पुढे केल्या, एक बाभळीचा, एक धावड्याचा. कोणता देऊ? आबा माझ्याकडे बघायला वळले आणि मी मान खाली घातली. मग तेच दुकानदाराला म्हणाले, "आधी सांग, बरणी भरायच्या आधी हा कुठे होता?"

दुकानदार गोंधळला. मग मागून एक शिवलेलं पोतं आणून दाखवलं, वर मुंग्याही नव्हत्या. आबांनी ते हुंगलं. दोन खडे हातावर घेतले आणि मग ते परत ठेवून दुकानदाराला म्हणाले, "तूच काढ. माझा हात नको."

बुधवारी घरी मायनं पुन्हा तूप तापवलं. या वेळी मी काही सांगत नव्हतो. पहिला लाडू वळून झाल्यावर ताईनं तो घेतला, पण तोंडाशी नेला नाही. "मी खाऊ का नई?" तिनं मलाच विचारलं. मायला नाही, आबांना नाही. मला वाटलं होतं की आता ती मला कधी विचारणार नाही.

"डिंक धावड्याचा आहे, तेवढं मला ओळखता येतं," मी म्हणालो. "पोतं आबांनी बघितलं, मीही बघितलं. काल रात्री कपात भिजवून ठेवला होता, रंग आला नाही. त्यापुढे काय, ते मला माहीत नाही. एक खा. वर पाणी पी."

"बापरे," ती म्हणाली. "आधी एका शब्दात सांगायचास. आता केवढं लांब."

"एवढंच माहीत आहे."

तिनं लाडू मोडला, अर्धा ताटलीत ठेवला, अर्धा खाल्ला, आणि तांब्यातलं पाणी प्यायली. उरलेला अर्धा तिनं झाकून ठेवला. "हाऊ सकाय," हा उद्या सकाळी, असं ती म्हणाली, आणि रडायला लागलेल्या बाळाला जवळ घेतलं.